या चुका टाळा: संत्र्याच्या चकत्यांची सुवासिक माळ

वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याला काय तोटा! तरी माळ बिघडते ती बहुतेक वेळा संत्र्यापायीच. इंटरनेटवरच्या कृती घट्ट सालीच्या, मोसंबीसारख्या फळासाठी असतात. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल. तिची पातळ चकती कापली की वाळताना फोडी आक्रसतात, साल वेगळी होते आणि हातात नुसती रिंगणं उरतात.

म्हणून फळ निवडतानाच दाबून पाहा. आतून पोकळ लागणारं, साल फुगलेलं संत्रं खायला ठेवा. माळेसाठी कडक, साल चिकटून असलेलं, थोडं कमी पिकलेलं घ्या. आडवं कापा, चकती अर्धा सेंटिमीटर किंवा किंचित जाड. एका फळातून मधल्या तीन-चारच कामाच्या निघतात, म्हणजे पंधरा चकत्यांच्या माळेला पाच संत्री धरा. बिया सुईने तेव्हाच काढा आणि सुती कापडाने रस टिपा.

दुसरी चूक वाळवण्यातली. ताटात वाळवलं की खालची बाजू ओलीच राहते आणि दोन-तीन दिवसांत काळे ठिपके येतात. बाजेवर पातळ कापड पसरून त्यावर चकत्या ठेवा, वरून जाळी घाला, रोज उलटा. खालूनही हवा लागली पाहिजे. आंबिया बहाराची फळं येतात तेव्हा रात्री दव पडतं, त्यामुळे संध्याकाळी बाज घरात घ्याच. मृगाची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हाचं कोरडं ऊन या कामाला जास्त सोयीचं.

वाळली की नाही, हे उन्हातून उचलल्या उचलल्या कळत नाही, कारण गरम चकती मऊच लागते. सावलीत गार होऊ द्या, मग मधला गर दाबा. बोट चिकटलं तर अजून ऊन हवं. ओव्हन असेल तर शंभर अंशांच्या आत ठेवा. घाईने आच वाढवली की साखर करपून चकत्या तपकिरी होतात.

ओवताना दोरा नुसत्या गरातून नेऊ नका, फाटतो. दाभणाने साल आणि गर दोन्हींतून न्या. लवंगेसाठी भोक चकती ओली असतानाच पाडा. वाळलेल्या सालीत लवंग खुपसली की तिची टोपी तुटते. दालचिनीला भोक पाडू नका, साल उभी चिरते. दोऱ्याचे दोन वेढे आडवे-तिडवे घालून गाठ मारा, म्हणजे कांडी घसरत नाही.

वास लवकर गेला तर संत्र्याला दोष देऊ नका. त्याचा वास वाळतानाच बराच उडतो, टिकतो तो लवंग-दालचिनीचा. लवंग नखाने दाबून पाहा, तेल सुटलं नाही तर ती जुनी. लटकलेल्या माळेचा वास मंदावला, तर दालचिनीचं टोक थोडं मोडा आणि दोन-चार लवंगा बदला.

पावसाळ्यात चकत्या पुन्हा ओल धरतात. मृग लागण्याआधी माळ उतरवा, दिवसभर उन्हात तापवा, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरशी दिसली तर पुसत बसू नका. ती चकती काढून टाका आणि शेजारच्या दोन्ही नीट तपासा.