पेनिसिलिन: ‘टेस्ट निगेटिव्ह’ म्हणून निर्धास्त राहू नका

हातावर कातडीत बारीक सुई टोचायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, गांधी उठली नाही की केसपेपरवर ‘टेस्ट निगेटिव्ह’ लिहून मोकळं व्हायचं. वॉर्डातला हा रिवाज चुकीचा नाही. चूक होते ती पुढे, त्या दोन शब्दांचा अर्थ ‘ॲलर्जीच नाही’ असा घेतल्यावर.

पेनिसिलिनचा रेणू जेमतेम 334 डाल्टनचा. एकट्या असलेल्या एवढ्याशा रेणूला आपली प्रतिकारशक्ती हिंग लावून विचारत नाही. पण त्यातलं बीटा-लॅक्टम कडं उघडतं आणि प्रथिनांतल्या लायसीनला घट्ट चिकटतं. अशा, प्रथिनाच्या पाठीवर बसल्यावरच नजरेत भरणाऱ्या रेणूला हॅप्टेन म्हणतात. तो कुठल्या प्रथिनावर बसला आणि शरीराने त्याच्यावर कोणतं हत्यार काढलं, यावर पुढचा खेळ ठरतो. आयजीई असेल तर काही मिनिटांत पित्ताच्या गांधी, घरघर, रक्तदाब घसरणं. हा ॲलर्जीचा पहिला प्रकार, आणि कातडीची टेस्ट पाहते ती एवढंच.

आता समजा, हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालाय म्हणून शिरेतून भरपूर पेनिसिलिन चाललंय. टेस्ट निगेटिव्ह होती. नवव्या दिवशी हिमोग्लोबिन 11 वरून साडेसातवर येतं, डोळे पिवळसर दिसतात. ‘ॲलर्जी तर नाहीच’ असं गृहीत धरून मंडळी रक्त कुठून जातंय ते शोधत बसतात. जातंय ते प्लीहेत. पेनिसिलिन लाल पेशींना चिकटलं, त्यावर आयजीजी बसली आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींनी त्या गिळल्या. हा दुसरा प्रकार. डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट सांगा. पेशींवरून सुटी केलेली आयजीजी साध्या लाल पेशींना चिकटत नाही, पेनिसिलिन लावलेल्यांना चिकटते, तेव्हा शंका उरत नाही. औषध बदलावंच लागतं.

तिसऱ्या प्रकारात प्रतिपिंड आणि हॅप्टेनचे पुंजके रक्तवाहिन्यांत अडकतात. एक ते तीन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, पुरळ. पावसाळ्यात हा रुग्ण हमखास चिकुनगुनियाच्या रांगेत उभा राहतो. औषध संपलं असलं तरी त्याबद्दल विचारा.

चौथा प्रकार टी-पेशींचा, काही दिवसांनी उठणारा. बहुतेकदा नुसतं लालसर पुरळ. मात्र तोंडात, डोळ्यांत जखमा किंवा कातडी सोलली तर औषध तत्काळ थांबवा, रुग्णाला दाखल करा, आणि पुन्हा ‘थोडं देऊन बघू’ हा विचारही नको. थोड्या-थोड्या मात्रेने सवय लावण्याची पद्धत आयजीईच्या ॲलर्जीपुरती आहे, इथे नाही.

उलटी चूकही तितकीच होते. लहानपणी गोळीने जुलाब झाले, म्हणून जन्मभराचा ‘पेनिसिलिन ॲलर्जी’चा शिक्का! खरी आयजीईची ॲलर्जीसुद्धा दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. म्हणून केसपेपरवर नुसतं ‘ॲलर्जी’ नको. असं लिहा: ‘अमॉक्सिसिलिन, सहावा दिवस, अंगभर लाल पुरळ, फोड नाहीत, तोंड स्वच्छ.’