वर्षाचे सेकंद, आयुष्याचे सेकंद : या चुका टाळा

लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. दर जूनमध्ये नवी बॅच आली की पहिल्या दिवशी एकच प्रश्न टाकतो: वर्षात सेकंद किती, अंदाजे सांगा, मोबाइल खिशात, वहीत दोनच ओळी. इतक्या वर्षांत मुलं बदलली, चुका त्याच आहेत. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी खरं उत्तर. तासाचे ३,६०० सेकंद, दिवसाचे ८६,४००, आणि ३६५ दिवसांचे ३ कोटी १५ लाख ३६ हजार. लक्षात ठेवायचं ते ३.१५ कोटी. कोटी म्हणजे एकावर सात शून्यं, म्हणजे दहाचा सातवा घात.

माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक ही, की मुलं प्रत्येक आकडा सुरुवातीलाच दहाच्या जवळच्या घातावर नेऊन बसवतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, अंदाज काढायचा तर सगळं १०, १००, १००० करून टाका, मग नुसती शून्यं मोजा. गेल्या वर्षी एकाच बाकावरच्या दोन मुलींनी हेच केलं. दोघींनी ६० चे १०० केले, दुसऱ्या ६० चेही १०० केले, २४ चे १० केले. इथवर जोडी जमली. मग ३६५ आले. एकीला ते १०० च्या जवळ वाटले, दुसरीला १००० च्या. पहिलीचं उत्तर एकावर सात शून्यं, दुसरीचं एकावर आठ. एक म्हणते वर्षाचे एक कोटी सेकंद, दुसरी म्हणते दहा कोटी, आणि दोघी माझ्याकडे बघतायत की सर आता कुणाला बरोबर देतात.

मी दोघींना चूक दिलं. एकीचं उत्तर खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, दुसरीचं तिपटीहून जास्त.

यात मुलींचा दोष अर्धाच, अर्धा वर्षाचा आहे. गुणाकाराच्या हिशेबाने १ आणि १० यांच्या मधोमध काय येतं? पाच किंवा साडेपाच नाही. मधला आकडा तो, ज्याला त्यानेच गुणलं की १० येतात, म्हणजे सुमारे ३.१६. त्याच्या खालचं सगळं १ कडे झुकतं, वरचं १० कडे. आता वर्षाचे सेकंद बघा. लीप वर्षं धरून सरासरी ३.१५६ कोटी. म्हणजे एक कोटी आणि दहा कोटी यांच्या जवळजवळ बरोब्बर मध्यावर, फरक फक्त ०.२ टक्क्यांचा. दहाच्या नुसत्या घातात बसवायला याहून वाईट आकडा शोधून सापडायचा नाही. कुठल्याही बाजूला ढकला, तिपटीची चूक ठरलेली.

म्हणून पुढचा ३ कधीही टाकायचा नाही. ‘तीन कोटी’ म्हणा, चूक पाच टक्क्यांत राहते. दहाचे घात शून्यं सांभाळायला असतात, आकडा गिळायला नव्हे.

याचीच बहीण म्हणजे सगळं एकाच दिशेने ढकलणं. २४ चे २५ केले, ३६५ चे ४०० केले, वर्षाचे छान दहा हजार तास झाले. मुलं खूश. पण दोन्ही वर गेले, तेव्हा उत्तर ३.६ कोटी, चौदा टक्के फुगलेलं. दिवसाचे ‘लाखभर’ सेकंद धरणाऱ्यांचंही हेच, आणि ते तर सोळा टक्के फुगतात. त्या हिशेबाने ७५ वर्षांचा माणूस ८७ चा होतो.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. एक वर नेला की दुसरा तेवढाच खाली आणायचा. २४ चे २५ केले, म्हणजे चार टक्के चढलो. मग ३६५ चे ३५० करून चार टक्के उतरायचं. २५ गुणिले ३५० करायला ३५,००० चा पाव काढा, ८,७५० तास. खरे तास ८,७६० आहेत. त्यांना ३,६०० ने गुणलं की ३.१५ कोटी, चोख. याहून आळशी दिवस असेल तर २४ चे २०, ३६५ चे ४०० आणि ३,६०० चे ४,००० करा. एक बराच खाली, दोन थोडे वर. ३.२ कोटी येतात, आणि चूक दीड टक्क्याची.

बाकीच्या चुका झटपट.

घातांचा गुणाकार करू नका, बेरीज करा. हजार गुणिले दहा हजार म्हणजे तीन आणि चार मिळून सात शून्यं, बारा नव्हेत. यावर मी आता बोलतही नाही, नुसती लाल रेघ ओढतो.

लीप वर्षावरून भांडत बसू नका. ७५ वर्षांत १८-१९ दिवस वाढतात, म्हणजे एकूण हिशेबात ०.०७ टक्के. ज्या मुलाने नुकतेच २४ चे २० केलेत तोच हात वर करून विचारतो, ‘सर, लीप इयर?’ अरे, सतरा टक्के सोडून आलास, आता चिल्लर वेचतोस! आकडा नेमकाच हवा असेल तर अंदाज करूच नका, तारखा घेऊन दिवस मोजा.

आणि ते ‘पाय गुणिले कोटी’. वर्षाचे सेकंद ३.१४ कोटी, चूक अर्ध्या टक्क्याहून कमी, लक्षात ठेवायला झकास. माझं भांडण आकड्याशी नाही, त्यामागे जोडलेल्या कथेशी आहे. दर वर्षी कुणीतरी सांगतंच, की पृथ्वी सूर्याभोवती गोल फिरते म्हणून पाय येतो. काही संबंध नाही. दिवसाचे २४ तास आणि तासाचे साठ-साठ भाग माणसाने पाडलेत. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, त्यांनी दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं, मिनिटाचे १०० सेकंद असं घड्याळ काढलं होतं. ते टिकलं असतं तर दिवस खरोखर लाख सेकंदांचा आणि वर्ष साडेतीन कोटींच्या वरचं झालं असतं. पृथ्वी तशीच फिरली असती आणि पाय गायब! शॉर्टकट वापरा, पण आधी एकदा लांबच्या रस्त्याने जाऊन या. पहिल्याच दिवशी पाय घोकणारा मुलगा आयुष्याचे सेकंद विचारले की गप्प बसतो.

आयुष्याच्या सेकंदांची चूक मात्र मी स्वतः केली आहे, आणि ती छापली गेली आहे.

आमच्या काकांचा अमृतमहोत्सव होता. घरातला गणिताचा मास्तर मीच, तेव्हा फ्लेक्सवर काहीतरी ‘हटके’ लिहायचं काम माझ्याकडे आलं. वहीच्या कोपऱ्यात ७५ गुणिले ३.१५ केले, २३६ आले. २३६ कोटी सेकंद. इथे थांबलो असतो तर काहीच झालं नसतं. पण कोटी म्हणजे रोजच्या वर्तमानपत्रातला शब्द, घोटाळ्यांच्या बातम्यांतला. मला भारदस्त काहीतरी हवं होतं, म्हणून अब्ज. कोटीच्या वरचं घर अब्जाचं, म्हणजे दहाने भागायचं, असं हाताने परस्पर ठरवलं. २३.६ झाले. राजवाड्याजवळच्या दुकानात जाऊन फ्लेक्स करून आणला: ‘२३ अब्ज सेकंदांहून अधिक काळाची साथ’.

काका आयुष्यभर कापड मिलमध्ये हिशेबाच्या टेबलावर बसलेले. हॉलमध्ये शिरले, हार घालून घेतला, फ्लेक्सकडे बघत राहिले. मला वाटलं गहिवरलेत.

‘काय रे, अब्ज म्हणजे किती?’

‘शंभर कोटी, काका.’

‘वर्षाचे सव्वातीन कोटींच्या जरा आत, म्हणजे अब्जाला साधारण बत्तीस वर्षं झाली. तेवीस बत्तीसे?’

मी मनात गुणाकार केला आणि घाम फुटला. ७३६.

‘म्हणजे मी ज्ञानेश्वर माउलींच्या आगेमागे जन्मलो म्हणायचा,’ काका म्हणाले, आणि शांतपणे खुर्चीवर जाऊन बसले.

झालं असं होतं, की मी दशकोटी गाळली. एकं, दहं, शतं हे सगळं लहानपणी पाठ केलेलं असतं: कोटी, मग दशकोटी, मग अब्ज. बोलताना दशकोटी कुणी म्हणत नाही, म्हणून ती पायरी हाताखालून निसटते. कोटीवरून अब्जाकडे जायला दोन घरं, म्हणजे शंभराने भागायचं. २३६ कोटी म्हणजे २.३६ अब्ज.

आपल्या इंदूरकडच्या मराठी मुलांना यात आणखी एक खड्डा आहे. शाळेत ती हिंदीतून अरब-खरब शिकतात. अरब आणि आपला अब्ज एकच, नऊ शून्यं. पण हिंदीतला खरब अकरा शून्यांचा आणि मराठीतला खर्व दहाचा. आजी खर्व म्हणते, नातू खरब ऐकतो, आणि उत्तर दसपट होतं. एका घरात दोन भाषांची मोजदाद चालत असेल तर कोटीवरच थांबा. ‘२३६ कोटी’ दोन्हीकडे एकच. किंवा सरळ शून्यं मोजा.

काकांची पडताळणी मात्र मी तेव्हापासून चोरली आहे. आयुष्याचं कुठलंही उत्तर आलं की आधी ते वर्षांत उलटं फिरवून बघायचं. यासाठी दोन खुंट्या पुरतात: दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस, आणि अब्ज म्हणजे ३१.७ वर्षं, तोंडी हिशेबाला बत्तीस. माणसाचं आयुष्य दोन-तीन अब्जांत संपतं. शंभरी गाठलेल्याचे जेमतेम ३.१६ अब्ज होतात. उत्तर दहा अब्ज आलं तर तो माणूस तीनशे वर्षांच्या वरचा, म्हणजे कुठेतरी एक शून्य जास्त पडलंय. तीस कोटी आलं तर दहा वर्षांचं पोर, एक शून्य कमी. पाच-दहा टक्क्यांची चूक या चाचणीत सापडत नाही हे खरं, पण शून्याची सापडतेच. आणि फजिती होते ती शून्यानेच.

फ्लेक्स बदलायला वेळ नव्हता. पुतणी कुठूनतरी काळा मार्कर घेऊन स्टुलावर चढली आणि तिने २ आणि ३ च्या मध्ये एक टिंब दिलं. काटेकोर बोलायचं तर २.४ हवं होतं, पण ‘हून अधिक’ लिहिलेलंच होतं, तेव्हा निभावलं. फोटोत ते टिंब लाडवाएवढं दिसतं.