बँड गॅपचं प्रॅक्टिकल: उत्तर चुकलं तर नेमकं कुठे चुकलं? या चुका टाळा

जर्मेनियम डायोड तापवून त्याची बँड गॅप काढायचं प्रॅक्टिकल बी.एस्सी.च्या बहुतेक प्रयोगशाळांत असतं. उत्तर ०.६६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास यायला हवं. ०.६ ते ०.८ मध्ये आलं तरी चालतं. पण जर्नल तपासायला घेतल्या की १.४०, १.६१, अगदी ०.०१८ अशीही उत्तरं सापडतात. यातलं प्रत्येक चुकीचं उत्तर एका ठरावीक चुकीतून येतं, त्यामुळे आकडा बघून चूक ओळखता येते. मात्र त्याआधी गॅप म्हणजे काय, याबद्दलचा घोळ मिटवायला हवा. आकडेमोडीतल्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच असतं.

गॅप म्हणजे दोन जागांमधलं अंतर नव्हे

फळ्यावर खाली व्हॅलन्स बँड, वर कंडक्शन बँड आणि मध्ये रिकामी जागा अशी आकृती काढतात. ती पाहून इलेक्ट्रॉन स्फटिकात खालून वर उडी मारतो असं वाटतं. त्या आकृतीचा उभा अक्ष ऊर्जेचा आहे. इलेक्ट्रॉन स्फटिकात जिथे आहे तिथेच असतो, बदलते ती त्याची ऊर्जा. गॅप म्हणजे ऊर्जेची अशी मूल्यं, जी त्या स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला घेताच येत नाहीत.

दुसरा गोंधळ तापमानाचा. ३०० केल्व्हिनला kT ची किंमत सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते आणि सिलिकॉनची गॅप आहे १.१२. म्हणजे गॅप kT च्या त्रेचाळीस पट. मग इलेक्ट्रॉन वर जातोच कसा? kT हे सरासरीच्या पातळीचं माप आहे, सगळ्यांना सारखी मिळणारी ऊर्जा नाही. फार थोड्यांच्या वाट्याला खूप जास्त ऊर्जा येते, आणि हे थोडे म्हणजे किती, ते ठरवणारा गुणक असा:

`exp(−Eg / 2kT)`

गॅप घातांकात बसली आहे, म्हणून तिच्यातला लहानसा फरक वाहकांच्या संख्येत प्रचंड होऊन दिसतो. जर्मेनियमची गॅप ०.६६. खोलीच्या तापमानाला शुद्ध जर्मेनियमच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २.४ × १०¹³ इलेक्ट्रॉन वर असतात, म्हणजे साधारण दोनशे कोटी अणूंमागे एक. सिलिकॉनची गॅप दुप्पटही नाही, तरी संख्या १०¹⁰ वर घसरते आणि पाच लाख कोटी अणूंमागे एक इलेक्ट्रॉन उरतो. हिऱ्याची गॅप ५.४७. तिथे हा गुणक १०⁻⁴⁶ इतका खाली जातो. दोष किंवा भेसळ नसलेला पृथ्वीएवढा हिरा कल्पनेत घेतला, तरी नुसत्या उष्णतेने वर गेलेले इलेक्ट्रॉन त्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तिन्ही पदार्थांत चित्र एकच आहे: खालचा बँड भरलेला, वरचा रिकामा. म्हणून ‘अर्धवाहक म्हणजे थोडा सुवाहक, थोडा दुर्वाहक’ हे उत्तर लिहू नका. अर्धवाहक आणि दुर्वाहक एकाच जातीचे, फरक फक्त गॅपच्या आकाराचा. बारावीच्या पुस्तकातली ३ इलेक्ट्रॉन व्होल्टची सीमारेषाही सोयीची आहे, निसर्गाने आखलेली नाही. निळ्या एलईडीतल्या गॅलियम नायट्राइडची गॅप ३.४ असूनही तो अर्धवाहक म्हणूनच वापरला जातो. सुवाहकाची गोष्ट वेगळी आहे, ती शेवटी.

मांडणीतल्या चुका

पहिली तपासणी डायोडची. जर्मेनियम डायोड हल्ली सहज मिळत नाही, म्हणून दुकानदार 1N4007 हातात ठेवतो. तो सिलिकॉनचा आहे. त्याचा उलट प्रवाह ४० अंशांना नॅनोअँपिअरमध्ये असतो, त्यामुळे ५० मायक्रोअँपिअरच्या मीटरचा काटा जागचा हलत नाही. मग मीटर बिघडला म्हणून तो बदलायची धावपळ होते. OA79 किंवा 1N34A असं काही हवं. खात्री करायची असेल तर मल्टिमीटर डायोड रेंजवर ठेवून सुलट दिशेचा व्होल्टेज बघा. जर्मेनियमला साधारण ०.२ ते ०.३ व्होल्ट येतो, सिलिकॉनला ०.६ च्या आसपास.

डायोड तेल भरलेल्या परीक्षानळीत ठेवा, थर्मामीटरचा फुगा त्याला जवळजवळ टेकवा आणि ती नळी पाण्याच्या बीकरमध्ये तापवा. डायोड थेट पाण्यात बुडवू नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातून दोन तारांमध्ये जो प्रवाह वाहतो, तोही मीटर तुमच्या वाचनात मिळवतो. तो प्रवाह गॅपमुळे आलेला नसतो.

उलट व्होल्टेजसाठी १.५ व्होल्टचा एक सेल पुरतो. वीज गेली तरी वाचन थांबत नाही, हा आपल्याकडे लहानसहान फायदा नाही. दिशा मात्र नीट तपासा. डायोड सुलट जोडला गेला तर प्रवाह मिलिअँपिअरमध्ये जातो आणि मीटरचा काटा आपटतो.

वाचनं तापवताना घ्यायची नाहीत. तापताना तेल, फुगा आणि डायोडचं जंक्शन तिन्ही वेगवेगळ्या तापमानाला असतात. ७५ अंशांपर्यंत तापवा, बर्नर बाजूला करा आणि निवताना दर ५ अंशांना वाचन घ्या. ७५ च्या फार वर नेऊ नका, जर्मेनियमला ते सोसत नाही.

परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळाच ४० अंशांवर असते. त्यामुळे तेल ४५ च्या खाली उतरायला तयार नसतं आणि आलेख आखूड राहतो. तशा दिवसांत सकाळची बॅच घ्या किंवा ५ ऐवजी ३ अंशांच्या अंतराने वाचनं घ्या. बिंदू जास्त मिळाले की रेषा ठरवणं सोपं जातं.

पारदर्शक काचेचा डायोड खिडकीतल्या उन्हात असला तर वाचन फुगतं. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनकडे १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. ०.६६ ची गॅप ओलांडायला ती भरपूर झाली. नळीला काळा कागद गुंडाळा.

आता आकडेमोड

सूत्र असं:

`log₁₀ I = C − 5.04 × Eg × (1000/T)`

नमुन्यादाखल धरू की आलेखाच्या सरळ रेषेवर ७० अंशांना ४८ मायक्रोअँपिअर आणि ४० अंशांना ५ मायक्रोअँपिअर वाचता येतात. तापमान केल्व्हिनमध्ये ३४३ आणि ३१३. त्यामुळे १०००/T च्या किमती २.९१५ आणि ३.१९५ येतात, त्यांच्यातला फरक ०.२७९. प्रवाहांचं गुणोत्तर ९.६, त्याचा लॉग ०.९८२. ०.९८२ भागिले ०.२७९ म्हणजे चढ ३.५२. त्याला ५.०४ ने भागलं की ०.७० इलेक्ट्रॉन व्होल्ट. उत्तर ठीक आहे.

आता याच वाचनांतून चुकीची उत्तरं कशी निघतात ते बघा. तापमान सेल्सिअसमध्येच ठेवलं तर १०००/T मधला फरक १०.७ होतो आणि गॅप ०.०१८ येते. ती kT पेक्षाही कमी आहे. खरोखर इतकी लहान गॅप असती तर खोलीच्या तापमानाला वाहकांना अडवणारं काही उरलंच नसतं आणि प्रवाह तापमानाबरोबर जेमतेम बदलला असता. तुमचा प्रवाह ३० अंशांत साडेनऊ पट झाला आहे, म्हणजे उत्तर आपणच आपल्याला खोटं पाडतं.

कॅल्क्युलेटरवर `log` ऐवजी `ln` दाबलं आणि ५.०४ तसंच ठेवलं, तर उत्तर २.३ पट होऊन १.६१ येतं. ५.०४ मध्ये २.३०३ आधीच धरलेलं आहे. `ln` वापरायचं असेल तर भागाकार ११.६ ने करा.

१.४० हे उत्तर सगळ्यांत फसवं. ते गॅलियम आर्सेनाइडच्या १.४२ जवळ बसतं, म्हणून बरोबर असेल असं वाटतं. इथे चार-टोकी प्रोबच्या प्रयोगातला २ उचलून डायोडच्या सूत्रात टाकलेला असतो. हा २ कुठे हवा आणि कुठे नको, हे व्हायव्हात हमखास विचारतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

शुद्ध स्फटिकात एक बंध तुटला की इलेक्ट्रॉन आणि होल अशी जोडी तयार होते. गॅपचा खर्च दोघांत वाटला जातो, म्हणून प्रत्येकाची संख्या, म्हणजे nᵢ, `exp(−Eg/2kT)` प्रमाणे बदलते. चार-टोकी प्रोबने आपण शुद्ध जर्मेनियमचा रोध मोजतो. तो थेट nᵢ वर अवलंबून असतो, म्हणून तिथे २ हवा. डायोडमध्ये दोन्ही बाजूंना भेसळ आहे आणि बहुसंख्य वाहकांची संख्या त्या भेसळीने पक्की ठरवून टाकली आहे. इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या संख्यांचा गुणाकार nᵢ² इतका राहायला हवा, त्यामुळे तापमानाचा सगळा बदल अल्पसंख्य वाहकांना सोसावा लागतो. उलट प्रवाह त्यांचाच असतो. वर्ग केल्यावर घातांकातला २ निघून जातो.

सिलिकॉन डायोडमध्ये मात्र खोलीच्या तापमानाच्या आसपास उलट प्रवाह मुख्यतः डिप्लीशन भागात तयार होणाऱ्या जोड्यांचा असतो आणि तो nᵢ च्या प्रमाणात बदलतो. म्हणून नॅनोअँपिअर मीटर लावून सिलिकॉनचा डायोड मोजला आणि वरचंच सूत्र वापरलं, तर १.१२ च्या निम्म्याच्या आसपास उत्तर येतं. ते जर्मेनियमच्या किमतीजवळ असल्याने जर्नलवर सही होऊन जाते, आणि डायोड कोणता होता हे कोणी विचारत नाही.

रेषा वाकली तर

आलेखाचं थंड टोक आडवं पडू लागलं तर ती बहुधा पृष्ठभागावरची गळती असते. तिचा प्रवाह तापमानाबरोबर फारसा वाढत नाही. गरम टोकाला ती खऱ्या प्रवाहात झाकली जाते, थंड टोकाला मात्र उठून दिसते. सगळ्या बिंदूंतून ओढूनताणून रेषा काढली तर चढ कमी होतो आणि उत्तर ०.५ च्या आसपास घसरतं. डायोडची काच स्पिरिटने पुसून कोरडी करा, आणि चढ वरच्या सरळ भागावरूनच काढा. मेमधल्या आखूड आलेखाचा एवढा एक फायदा आहे: हे वाकडं टोक त्यात येतच नाही.

तांब्याची गॅप याच पद्धतीने काढता येईल का?

व्हायव्हातला आणखी एक आवडता प्रश्न. उत्तर: नाही. आणि ‘कारण गॅप शून्य आहे, म्हणून इलेक्ट्रॉन सहज उडी मारतात’ हे स्पष्टीकरणही चूक. तांब्यात सर्वांत वरचा बँडच अर्धा भरलेला आहे. भरलेल्या पातळीला लागूनच रिकाम्या पातळ्या आहेत, त्यामुळे गॅप ओलांडायचा प्रश्नच येत नाही. घन सेंटिमीटरमागे सुमारे ८.५ × १०²² मुक्त इलेक्ट्रॉन थंडीतही असतात आणि उन्हाळ्यातही तेवढेच राहतात. तापवल्यावर अणूंची थरथर वाढते आणि इलेक्ट्रॉनच्या वाटेत अडथळा येतो, म्हणून रोध वाढतो.

जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब मिळाला तर बंद असताना मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. ३५ ते ४० ओम भरेल. २३० व्होल्टवर पेटलेला असताना त्याचा रोध हिशेबाने ५२९ ओम निघतो. फिलामेंट टंगस्टनची आहे, पण धातूच. तिचा रोध तेरा-चौदा पट वाढायला दोन हजार अंशांहून जास्त तापावं लागतं. जर्मेनियम डायोडचा प्रवाह साडेनऊ पट व्हायला ३० अंश पुरले होते.