पुरवठादाराच्या तिसऱ्या नव्या तारखेला काय उत्तर द्यावे

छापील पुठ्ठ्याच्या खोक्यांची ऑर्डर 5 तारखेला मिळायची होती, मग 12 ठरली, आता 20 सांगितली जात आहे, अशा वेळी ‘ठीक आहे, पण नक्की पाठवा’ असे उत्तर देऊ नये, कारण त्याचा अर्थ तुम्ही मुदत वाढवून दिली असा लावला जाऊ शकतो. फोनवर बोलणे झाले तरी उत्तर ई-मेलने पाठवावे. त्यात ऑर्डर क्रमांक, मूळ तारीख आणि चुकलेल्या तारखा लिहून पुढे एवढेच विचारावे: कागद आला आहे का, छपाई झाली आहे का, आणि तयार असलेला माल आज निघू शकतो का? ज्याचे काम खरोखर सुरू आहे, तो याचे नेमके उत्तर देतो. बाकीचे पुन्हा तारीखच देतात.

त्यानंतर लिहावे: ‘20 तारखेला सायंकाळी 5 पर्यंत माल न पोहोचल्यास उरलेली ऑर्डर रद्द समजावी व तिची आगाऊ रक्कम परत करावी. ही मुदत देताना नुकसानभरपाईचा हक्क आम्ही सोडलेला नाही.’ मात्र दुसऱ्या पुरवठादाराचा दर हाती नसताना हे वाक्य लिहिणे म्हणजे पोकळ धमकी होय.

उशिरा आलेला माल घेताना चलनावरही ‘उशिराच्या भरपाईचा हक्क राखून स्वीकारला’ असे लिहावे. जेथे वेळ ही कराराची मुख्य अट असते, तेथे भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 नुसार स्वीकारतानाच अशी सूचना न दिल्यास भरपाई मागता येत नाही.