ओवी मोजताना आधी यमक शोधा, मग बोटं मोडा

ओवीचं लक्षण तुम्हाला पाठ असणारच: चार चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि यमकातून सुटलेला. म्हणून तर तिला साडेतीन चरणी म्हणतात. परीक्षेत एवढ्यावर भागतं. पण ‘ज्ञानेश्वरी’ समोर उघडून स्वतः चरण पाडायला बसलात की हे लक्षण अपुरं पडतं, कारण एका चरणात किती अक्षरं असावीत हे त्यात सांगितलेलंच नाही.

आणि सांगितलेलं नाही याचं कारण साधं आहे: ती संख्या ठरलेलीच नाही. मला ही गोष्ट पचायला फार वेळ लागला, कारण डोक्यात अभंग बसला होता. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार असे नेमके असतात. ते माप घेऊन ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी मोजा:

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥ १ ॥

ॐ एक, नमो दोन, जी एक, आद्या दोन, झाले सहा. ‘वेद प्रतिपाद्या’ पुन्हा सहा. आता वाटतं, जमलं. तिसरा चरण मात्र आठ भरतो आणि चौथा चार. इथे नवखा माणूस ठरवतो की एक ‘जय’ नंतर घुसला असावा. कृपा करून असली दुरुस्ती करू नका. लगेच पुढची ओवी बघा: ‘देवा तूंचि गणेशु । सकलमतिप्रकाशु । म्हणे निवृत्तिदासु । अवधारिजो जी ॥’ इथे सात, आठ, सात, सहा. चौथा चरणसुद्धा चाराचा राहिला नाही. ही ओवी बिघडलेली नाही, ग्रांथिक ओवी अशीच असते.

मोजण्याची रीत सोपी आहे, फक्त ती कानाने नाही, लिपीने चालते. ‘वेद’ आपण ‘वेद्’ म्हणतो, तरी ती दोन अक्षरं. जोडाक्षर एकच, ‘द्या’ असो की ‘त्म’. अनुस्वाराला वेगळं अक्षर नाही. लघु-गुरू विसरा, तो हिशेब वृत्तांचा. आमच्याकडे एक ज्येष्ठ गृहस्थ ‘ओवी गाऊन बघ, आपोआप कळेल’ असं सांगायचे. गाऊन लय कळते, हे खरंच. पण गाताना आपण स्वर लांबवतो, अक्षरं गिळतो आणि आकडा हमखास चुकतो. गा जरूर, मोजताना गप्प बसा.

आता सगळ्यात मोठा सापळा. यावर मी लांबण लावणार आहे, कारण चांगल्या-चांगल्या प्रबंधांत लोक इथेच अडकतात. छापील प्रतीत ओवी बहुधा दोन ओळींत असते आणि क्रमांक दुसऱ्या ओळीच्या शेवटी. त्यामुळे पहिली ओळ म्हणजे एक पूर्ण वचन, असं डोळ्याला वाटतं. सहाव्या अध्यायातली ही ओवी घ्या:

माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥ १४ ॥

फेब्रुवारीच्या शेवटी, मराठी भाषा गौरव दिनाला, फलकांवर हिची पहिली ओळ झळकते आणि दुसरी गायब असते. आता चरण पाडून बघू. समजा दंड छापलेलेच नाहीत. मागच्या ओवीचा क्रमांक जिथे संपला तिथून सुरुवात करायची आणि सारखा शेवट शोधायचा: कौतुकें, जिंके, रसिकें. अनुस्वाराचा फरक आहे, तो यमकाला अडत नाही. तीन यमकं सापडली म्हणजे तीन चरण सापडले. उरलं ते ‘मेळवीन’, चौथा चरण. मग मोजायचं: अकरा, अकरा, आठ, चार. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी अक्षरं मोजून मग तोडायला गेलात, तर तिसरा चरणही अकराचा करण्याच्या नादात ‘मेळवी’ तिकडे ओढाल आणि हातात नुसता ‘न’ राहील. हसू नका, असं होतं.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. या ओवीचं मुख्य क्रियापद कुठे आहे? शेवटच्या चार अक्षरांत. अमृताशी पैज जिंकतील ‘ऐसीं अक्षरें’ मी मेळवीन, असं ज्ञानदेव म्हणतात. ही प्रतिज्ञा आहे, आणि ती अक्षरांबद्दल आहे. पुढची ओवी ‘जिये कोंवळिकेचेनि पाडें’ अशी सुरू होते, तीही त्याच अक्षरांचं वर्णन पुढे नेते. पहिली ओळ तोडून घेतली की प्रतिज्ञा गळते आणि भाषेची नुसती फुशारकी उरते. आखूड चरण म्हणजे शेपूट, असं समजून तो कापणाऱ्याने अनेकदा वाक्याचा कणाच कापलेला असतो. पसायदानातही बघा: ‘भूतां परस्परें जडो’ इथे थांबलात तर काय जडो ते कळतच नाही, ‘मैत्र जीवांचें’ चौथ्या चरणात आहे.

म्हणून अवतरण पूर्ण ओवीचं द्या. जागा नसेल आणि अर्धीच द्यायची असेल तर पुढे टिंबं द्या, ‘पूर्वार्ध’ असं लिहा, आणि विवेचन करताना मात्र पूर्ण ओवी समोर ठेवा. घाबरण्यासारखं यात काही नाही, दहा-बारा ओव्या अशा सोडवल्या की डोळा आपोआप यमकावर जातो.

क्रमांकाचंही एक सांगतो. नुसतं ‘६.१४’ लिहू नका. गीतेच्या सहाव्या अध्यायातला चौदावा श्लोक ‘प्रशान्तात्मा विगतभीः’ हा आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या प्रतींत गीतेचे श्लोक ओव्यांच्या मधेच स्वतःच्या क्रमांकासह छापलेले असतात. ‘ज्ञाने., अ. ६, ओ. १४’ असं लिहिलंत की घोळ मिटतो. सोबत प्रत सांगा. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत आणि वारकरी परंपरेत वाचली जाणारी प्रत यांत पाठ वेगळे आहेत, ओव्यांचे आकडेही सगळीकडे जुळत नाहीत. वर दिलेला ‘सकलमतिप्रकाशु’ काही ठिकाणी ‘सकलार्थमतिप्रकाशु’ असा मिळतो, म्हणजे आठाचे नऊ झाले. दोन्ही पाठ चालतात. एका प्रतीतला पाठ आणि दुसरीतला क्रमांक चालत नाही. मोबाइलवर फिरणारा मजकूर उचलण्याचा आळस करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. त्यात ‘बोलु’चं ‘बोलू’ होतं, अनुस्वार उडतात आणि प्रतीचं नाव कुठेच नसतं.

ग्रंथाच्या शेवटी छापलेल्या ओव्यांपाशी विशेष जपा. ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मराठी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ ही ज्ञानदेवांच्या नावावर खपवलेली दिसते. ती एकनाथांची आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिच्याबरोबर ती येते. मोजून बघा: सहा, नऊ, आठ आणि पुन्हा आठ. नाथांचा चौथा चरण असा बाकीच्या तिघांच्या बरोबरीने भरतो. नुसत्या आकड्यावरून कर्ता ठरवू नये, पण शेवटचा चरण एवढा लांब दिसला की ओवी कुणाची, हे उतरवण्याआधी एकदा तपासून घ्या.