वर्गमूळ दिसले म्हणून टॅन थीटा नको: इंटिग्रल सोडवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली बरीच मुले पीयूसीला गणित इंग्रजीतून शिकू लागतात. दुसऱ्या वर्षी इंटिग्रेशनचा धडा आला की पद्धतींची नावे लवकर पाठ होतात, परंतु अनोळखी गणितासमोर त्यांपैकी कोणती आधी वापरावी, येथे वही अडते. माझ्या शिकवणीत सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे गणिताच्या बाह्यरूपावरून पद्धत ठरवणे. पुढील गणित पाहा.

`∫ x³/√(x²+9) dx`

एका विद्यार्थिनीने लगेच x = 3 tan θ ठेवले. कारण विचारले, तर म्हणाली, "सर, वर्गमूळात x²+9 आहे ना!" तिचे चूक नव्हते; मात्र त्यातून 27∫tan³θ sec θ dθ आले, ते सोडवून उत्तर पुन्हा x मध्ये आणताना पान भरले आणि एक चिन्ह चुकले.

पहिली तपासणी सोपी असते: छेदून, विस्तारून किंवा भागाकार करून राशी सुटसुटीत होते का? येथे होत नाही. दुसरी तपासणी खरी महत्त्वाची आहे: आतल्या राशीचे डेरिव्हेटिव्ह, स्थिरांकाचा फरक सोडल्यास, बाहेर गुणाकारात आहे का, आणि ते काढून घेतल्यावर उरलेले सर्व u मध्ये लिहिता येते का? u = x²+9 घेतल्यास du = 2x dx. x³ मधून एक x बाजूला काढला की x² उरतो आणि तो u−9 आहे.

`½∫(u−9)/√u du = ⅓u^(3/2) − 9√u + C`

u च्या जागी x²+9 ठेवून या उत्तराचे डेरिव्हेटिव्ह घेतले, तर x√u − 9x/√u म्हणजेच x(u−9)/√u येते, आणि हीच मूळ राशी आहे. ही पडताळणी अर्ध्या मिनिटात होते, तरी बहुतेक मुले ती टाळतात.

आता अंशात x² असता तर? एक x काढल्यावर दुसरा x उरतो, आणि त्याला u मध्ये लिहायला गेल्यास नवे वर्गमूळ उभे राहते. तेव्हा हा मार्ग सोडावा. टॅन थीटाची किंवा बाय पार्ट्सची खरी गरज येथे आहे. दोन ओळींनंतरही x आणि u एकत्र दिसत असतील, तर तीच मागे फिरण्याची खूण समजावी.

तिसरी तपासणी, म्हणजे राशीचा प्रकार पाहणे, त्यानंतरच करावी. x³e^(x²) मध्ये गुणाकार दिसताच बाय पार्ट्स लावण्याचा मोह होतो. पण x³ ला u आणि e^(x²) dx ला dv मानले, तर e^(x²) चे इंटिग्रल हवे असते, जे प्राथमिक फलनांत लिहिताच येत नाही. आधी u = x² घेतल्यास ½∫u eᵘ du उरते, आणि बाय पार्ट्स तेथे एकदाच लावावे लागते.