x² अनंताकडे जाते, हे व्याख्येवरून कसे सिद्ध करावे

x वाढत गेला की x² कितीही मोठा होतो, हे आलेखावर दिसतेच. सिद्धतेत मात्र ‘कितीही’ या शब्दाला नेमका अर्थ द्यावा लागतो. तो अर्थ असा:

प्रत्येक धन संख्या M साठी अशी एखादी धन संख्या N मिळते, की x > N असलेल्या प्रत्येक x साठी f(x) > M असते.

यातला क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी समोरचा माणूस M देतो. मग आपण N सांगतो. त्यानंतर N च्या पुढचा कुठलाही x निवडायची मुभा पुन्हा त्याचीच. म्हणजे N फक्त M वरून ठरला पाहिजे, त्यात x येता कामा नये.

पायरी १: कच्चे काम. उलट्या दिशेने विचार करा. आपल्याला x² > M हवे आहे. x धन असेल तर त्यासाठी x > √M पुरते. म्हणून N = √M घेऊ. हे गणित वहीच्या कडेला करायचे, सिद्धतेत लिहायचे नाही.

पायरी २: पक्की सिद्धता. समजा M > 0 दिला आहे. N = √M घ्या. आता x > N असा कोणताही x घ्या. x धन आहे, म्हणून x > √M च्या दोन्ही बाजूंना x ने गुणून x² > x√M मिळते. √M सुद्धा धन आहे, म्हणून त्याच असमानतेला √M ने गुणून x√M > M. दोन्ही जोडले की x² > M. सिद्धता पूर्ण झाली.

सरळ ‘दोन्ही बाजूंचा वर्ग करू’ म्हणण्यापेक्षा असे गुणणे बरे, कारण धन असण्याची गरज कुठे पडते ते यात दिसते. −5 > −7 खरे आहे, पण वर्ग केल्यावर 25 > 49 खोटे ठरते.

पायरी ३: आकडे घालून पाहा. M = 50 असेल तर N = √50, म्हणजे सुमारे 7.07. त्याऐवजी N = 8 घेतले तरी चालते, कारण सर्वांत लहान N शोधायची सक्ती नाही. पण N = 7 चालत नाही: x = 7.05 हा 7 च्या पुढचा आहे, आणि त्याचा वर्ग 49.7025 म्हणजे 50 पेक्षा कमी.

एक चूक वारंवार दिसते: x·x > M वरून x > M/x काढायचे आणि N = M/x घ्यायचे. इथे N मध्येच x शिरला. x बदलला की N सरकतो, त्यामुळे ही सिद्धता उभी राहत नाही.

दुसरी चूक म्हणजे फंक्शन काही ठिकाणी M ओलांडते एवढेच दाखवून थांबणे. x·sin x घ्या (कोन रेडियनमध्ये). ते कुठलाही M ओलांडते, पण x = π, 2π, 3π… इथे दरवेळी शून्यावर येते. M = 1 दिला तर कितीही मोठा N घ्या, त्याच्या पुढे π ची एखादी पट असतेच. म्हणून ते अनंताकडे जात नाही.